सहा मिली, पण कुठल्या बाटलीचे?

आमच्या घाटकोपरच्या रात्रीच्या साक्षरता वर्गात एक ताई पॅरासिटामॉल सिरपच्या दोन बाटल्या घेऊन आल्या. मुलाचं वजन १० किलो. डॉक्टरांनी पहिल्या बाटलीतून ६ मिली द्यायला सांगितलं होतं. ती संपली म्हणून दुसरी आणली आणि टोपणात पुन्हा सहाच्या रेघेपर्यंत औषध ओतलं. पाजायच्या आत त्यांना लेबलावरचा आकडा वेगळा दिसला, हे फार बरं झालं.

पहिल्या लेबलावर होतं, ५ मिलीमध्ये १२० मिलीग्रॅम. दुसऱ्यावर, ५ मिलीमध्ये २५० मिलीग्रॅम. मिली म्हणजे पातळ औषध किती, मिलीग्रॅम म्हणजे त्यातलं खरं औषध किती. सरबताचा पेला तेवढाच, पण एकात साखर दुप्पट, तसंच हे.

पहिल्या बाटलीतल्या १ मिलीत २४ मिलीग्रॅम, म्हणून ६ मिलीत १४४. दुसरीतल्या १ मिलीत ५०, म्हणून ६ मिलीत ३००! एका वेळी साधारण किलोमागे १५, म्हणजे या मुलाला १५० मिलीग्रॅम पुरे. नव्या बाटलीचे फक्त ३ मिली. बाटली बदलली की डॉक्टरांना किंवा केमिस्टला विचारूनच माप ठरवा, आणि ते टोपणानेच घ्या. घरचे चमचे लहानमोठे असतात.

आता एक फसवा आकडा. बेस्टच्या बसवर आपण मराठी ४ वाचतो. औषधाच्या कागदावर आकडे बहुधा इंग्रजी असतात, आणि इंग्रजी 8 आपल्या ४ सारखा दिसतो. ‘दर 8 तासांनी’ हे ‘दर ४’ वाचलं, तर दिवसाला तीनऐवजी सहा डोस जातील.

इशाऱ्याच्या भागात यकृताचा उल्लेख शोधा. पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृताला इजा होते, आणि सुरुवातीला मूल ठीकही दिसू शकतं. जास्त गेल्याची शंका आली तर वाट न पाहता बाटली घेऊन दवाखान्यात जा. सर्दीच्या काही सिरपमध्येही हेच औषध असतं, म्हणून दोन्ही लेबलांवर हे नाव आहे का ते पाहा.

साठवणीत ‘३० अंशांखाली’ असेल, तर गॅसवरची फळी नको. मे महिन्यात तिथे त्याहून जास्त तापतं. फ्रीजमध्ये ठेवा असं लिहिलं असेल तरच फ्रीज.

आता तुम्ही सोडवा.

१. ५ मिलीमध्ये १२५ मिलीग्रॅम आहे. डॉक्टरांनी २५० मिलीग्रॅम सांगितलं. किती मिली?

२. सकाळी ७ ला डोस दिला. ‘दर 8 तासांनी’ लिहिलंय. पुढचा कधी?

३. ‘पाणी घातल्यावर ७ दिवसांत वापरा.’ पाणी ४ तारखेला घातलं. १३ तारखेला उरलेलं द्यायचं का?

उत्तरं: १० मिली. दुपारी ३ ला. नाही.