जेवण वर येतं, पण ती उलटी नव्हे

लातूरला ‘नीट’च्या तयारीसाठी राहणारी सतरा वर्षांची एक मुलगी समजा. ही कुणी एक खरी व्यक्ती नाही. हा त्रास असणारे लोक दवाखान्यात जे सांगतात, त्यावरून तिला उभं केलंय. पावसाळ्यात तिला जुलाब-उलट्या झाल्या, चार-पाच दिवसांत थांबल्या. पण तेव्हापासून जेवण झालं, की दोन-चार मिनिटांत खाल्लेलं तोंडात यायला लागलं. ज्वारीची भाकरी, वरण, मेथीची भाजी, जे खाल्लं तेच आणि जवळपास त्याच चवीचं. एकटी असली तर ती ते पुन्हा चावून गिळते, मेसमध्ये असली तर रुमालात थुंकते. तासाभरात आठ-दहा वेळा असं होतं, मग आपोआप थांबतं. पुढच्या जेवणानंतर पुन्हा सुरू.

गावाहून आलेली आई डॉक्टरांना सांगते, “ओकारी म्हणावं तर ओकारी बी नाही, साहेब. बसल्या बसल्या वर येतंय तिला.”

आईच्या या एका वाक्यात अर्धं निदान आहे. दुर्दैवाने ते ऐकलं जातंच असं नाही. ‘उलटी’ असं लिहिलं जातं, आम्लपित्ताच्या गोळ्या सुरू होतात, एन्डोस्कोपी होते, ती नॉर्मल येते, मग गोळ्यांचा डोस वाढतो. मुलगी बारीक व्हायला लागली, की कुणाला तरी वाटतं ती मुद्दाम उलट्या काढतेय. या आजाराला रुमिनेशन सिंड्रोम म्हणतात, म्हणजे माणसातलं रवंथ. इथे ना जठर बिघडलेलं असतं, ना मुलगी नाटक करत असते.

आधी उलटी कशी होते ते बघू, कारण फरक तिथेच आहे. खरी उलटी ही मेंदूच्या तळाशी असलेल्या मेंदूस्तंभातून चालवली जाते. पोटातल्या विषारी किंवा त्रासदायक पदार्थाची खबर तिथे पोचली, की ठरलेल्या क्रमाने हुकूम सुटतात. मळमळतं, तोंडाला पाणी सुटतं, घाम येतो, चेहरा पांढरा पडतो. लहान आतड्यातून उलट्या दिशेने एक मोठी लाट येऊन आतड्यातला माल जठरात ढकलते. मग कोरडे उमासे येतात. श्वासनलिका बंद ठेवून श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, आणि पोटाचे स्नायू पुन्हा पुन्हा आवळले जातात आणि शेवटी सगळं बाहेर पडतं.

रवंथात हा क्रम सुरूच होत नाही. मेंदूस्तंभातला उलटीचा कारभार शांत असतो, म्हणून मळमळ नाही, लाळ नाही, उमासे नाहीत. उलट्या दिशेची लाटही नाही. गंमत अशी, की अन्न वर ढकलणारे पोटाचे स्नायू मात्र दोन्हीकडे तेच असतात. फरक हुकूम कुणाचा, एवढाच.

आता ते दोन सेकंद जवळून पाहू. जठर म्हणजे पोटाच्या पोकळीत ठेवलेली मऊ पिशवी. पोटाची पुढची भिंत आवळली, की पोकळीतला दाब वाढतो आणि पिशवीवर सगळीकडून सारखाच पडतो. आतलं अन्न मिळेल त्या वाटेने सरकू पाहतं. वरची वाट अन्ननलिकेची. तिच्या खालच्या टोकाला स्नायूंचं एक कडं असतं, ते एरवी आवळलेलं असतं. त्याच्याभोवती श्वासपटलाचे तंतू दुसऱ्या कड्यासारखे वेढलेले असतात. पलीकडे छातीच्या पोकळीत दाब पोटापेक्षा कमी असतो, श्वास घेताना तर आणखी कमी. म्हणजे खाली जास्त दाब, वर कमी आणि मधे फक्त हे दुहेरी कुलूप.

ब्लडप्रेशर ज्या एककात मोजतो, त्याच मिलिमीटर पाऱ्यात हा दाब मोजता येतो. नाकातून अन्ननलिकेमार्गे जठरापर्यंत एक बारीक नळी घालतात. तिच्यावर दाब मोजणारे आणि आतला माल कुठल्या दिशेला चाललाय ते ओळखणारे सेन्सर असतात. नळी घालून रुग्णाला जेवायला देतात आणि बघत बसतात. रवंथाच्या क्षणी जठरातला दाब एकदम उसळून ३० मिलिमीटरच्या वर जातो. त्याच वेळी खालचं कडं सैल पडतं, अन्न अन्ननलिकेत चढतं, घशाजवळचं वरचं कडं उघडतं आणि घास तोंडात येतो. सगळं क्षणार्धात होतं.

इथे कुणीही विचारेल, की विहिरीवरून पाण्याची भरलेली घागर उचलणाऱ्या बाईच्या पोटातही दाब असाच वाढतो. तिचं जेवण का वर येत नाही? कारण पोट आवळलं जाताना तिचं श्वासपटलही आवळलं जातं आणि कुलूप आणखी घट्ट होतं. रवंथात नेमकं हेच होत नाही. पोट आवळतं, पण श्वासपटलाची साथ नसते आणि कडं दाबापुढे हार मानतं. काही रुग्णांत हे कडं मुळातच लवकर सैल पडतं. जठर थोडंसं ताणलं तरी त्यांना ते इतरांपेक्षा जास्त जाणवतं, असंही जठरात फुगा फुगवून केलेल्या तपासण्यांत दिसलंय.

आपल्या गोष्टीतल्या मुलीचे धागेदोरे इथे जुळायला लागतात. जुलाब-उलट्यांच्या त्या दिवसांत तिचं पोट नाजूक झालं. जेवल्यावर वरच्या भागात भरल्यासारखं, दाटल्यासारखं वाटायचं. त्या दाटणीला उत्तर म्हणून पोट नकळत आवळलं गेलं, थोडं अन्न वर आलं, दाटणी हलकी झाली. शरीराला एवढा धडा पुरतो. नंतर आजार गेला, पण जेवण झालं की पोट आवळायचं हे राहून गेलं. मानसिक ताणानंतरही असं सुरू होतं आणि काहींच्या बाबतीत सुरुवातीचं कारण सापडतच नाही.

जाणूनबुजून केलेल्या गोष्टीतून लागलेल्या सवयीचंही एक उदाहरण आहे. ब्राउन-सेकार हा १९ व्या शतकातला फ्रेंच-मॉरिशियन शरीरशास्त्रज्ञ जठररसाचा अभ्यास करायला दोऱ्याला बांधलेला स्पंज गिळून परत ओढून काढायचा. पुढे त्याला हे रवंथ कायमचं जडलं, अशी नोंद सांगितली जाते. विज्ञानाच्या नावाखाली लोक काय काय गिळतील, सांगता येत नाही.

मुलगी म्हणते, “मी काहीच करत नाही.” ते खरंच असतं. आपण श्वास घेताना कुठला स्नायू कधी आवळतो ते आपल्याला कुठे कळतं? पण डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली तर तिला ती जाणवते. जेवण झाल्यावर तिला खुर्चीत बसवायचं, तिचाच तळहात बेंबीच्या वर पोटावर ठेवायला सांगायचा आणि वाट बघायची. घास वर येण्याच्या अगदी आधी हाताखालचं पोट टणक होतं. दोन-तीन वेळा असं झालं, की ती हाताकडे बघते आणि म्हणते, “अगं बाई, हे तर माझंच पोट करतंय.” नळीची तपासणी मोठ्या शहरांतच मिळते. बहुतेकांना तिची गरजही पडत नाही, कारण निदान हकिकतीवरूनच होतं.

चव हाही मोठा पुरावा आहे. जेवण नुकतंच झालेलं असताना जठरातलं आम्ल अन्नात मुरलेलं असतं, त्यामुळे वर आलेला घास आंबट लागत नाही. तास-दीड तासाने आम्ल वाढतं, घास आंबट व्हायला लागतो आणि तिथे रवंथ थांबतं. झोपेत तर ते होतच नाही. छातीत जळजळ, वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर आंबट पाणी घशाशी येणं, हे ॲसिड रिफ्लक्सचं लक्षण. अनेक तासांपूर्वीचं अन्न मळमळून बाहेर पडत असेल तर जठर रिकामंच उशिरा होतंय का, ते बघावं लागतं. गिळताना अन्न छातीत अडकतं आणि रात्री आडवं झाल्यावर न पचलेलं, बेचव अन्न वर येतं, असं कुणी सांगितलं तर अन्ननलिकेचं खालचं कडं उघडतच नसावं, ही शंका आधी घ्यायची. रक्त पडत असेल किंवा गिळायला त्रास होत असेल, तर एन्डोस्कोपी टाळू नये. पण हकिकत रवंथाची असताना आणि एक एन्डोस्कोपी नॉर्मल आलेली असताना दुसरी करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

उपाय यंत्रणेतूनच निघतो. पोटाची भिंत आवळून ठेवायची आणि त्याच वेळी पोट पुढे येईल असा खोल श्वास घ्यायचा, हे करून बघा. जमत नाही. श्वासपटल खाली उतरायला पोटाला सैल पडून जागा द्यावीच लागते. शिवाय श्वासपटल आवळताना त्याचे तंतू कुलूपही घट्ट करतात. म्हणून या रुग्णांना पोटाने श्वास घ्यायला शिकवतात.

मुलगी ताठ बसते, एक हात छातीवर आणि एक पोटावर. नाकाने सावकाश श्वास घेताना पोटावरचा हात पुढे यायला हवा, छातीवरचा जवळजवळ हलता कामा नये. मग तितक्याच सावकाश सोडायचा. मिनिटाला सहा ते आठ श्वास. आधी रिकाम्या पोटी, आडवं पडून सराव, कारण सुरुवातीला सगळ्यांचीच छाती उचलली जाते. सवय बसली, की शेवटचा घास गिळल्या गिळल्या सुरू करायचं आणि साधारण पंधरा मिनिटं चालू ठेवायचं. मधेच दाटणी वाटली तर तेव्हाही. आठवड्याभरात चमत्कार होत नाही. जेवल्यावर लगेच क्लास असेल त्या दिवशी सराव बुडतो आणि रवंथ परत येतं, हे या मुलीच्याही बाबतीत होतं. काही आठवड्यांनी वर येणारे घास दहाचे दोन-तीनांवर येतात, वजन भरायला लागतं.

एवढ्याने भागलं नाही, तर बॅक्लोफेन नावाचं औषध डॉक्टर देऊ शकतात. ते खालच्या कड्याचा दाब वाढवतं, त्याचं अवेळी सैल पडणं कमी करतं. त्याने झोप येते, म्हणून अभ्यास करणाऱ्या मुलीला ते देताना डॉक्टर विचार करतात.

रवंथाचे आणखी दोन प्रकार असतात आणि तिथे नुसता श्वासाचा व्यायाम पुरत नाही. एकात आधी खरोखरच आम्ल वर येतं आणि त्या जळजळीला उत्तर म्हणून पोट आवळलं जातं. तिथे आम्लपित्ताच्या गोळ्यांना आधी जागा आहे. दुसऱ्यात माणूस नकळत हवा अन्ननलिकेत ओढतो आणि ढेकर देऊन लगेच बाहेर टाकतो. त्या ढेकरेच्या जोराबरोबर अन्नही वर येतं. अशा रुग्णाला श्वासाआधी ती हवा ओढणं ओळखायला आणि थांबवायला शिकवावं लागतं.