रिकामा करूनही न रिकामा होणारा कपॅसिटर: इंटिग्रेटर आणि टायमरमधल्या निवडीची पार्श्वभूमी

लेडन बरणी, म्हणजे काचेचा पहिला कपॅसिटर, १७४५-४६ मध्ये आली. तिला एकदा ठिणगी देऊन रिकामी केली आणि काही वेळाने पुन्हा हात लावला, तर छोटीशी ठिणगी परत मिळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या ‘उरलेल्या भारा’ची पद्धतशीर मोजमापे झाली. त्यावरून कळले की दोष काचेत आहे, म्हणजे दोन पत्र्यांमधल्या पदार्थात. याच गुणाला पुढे डायलेक्ट्रिक शोषण हे नाव पडले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे त्याने फारसे कोणाचे बिघडवले नाही, कारण कपॅसिटरकडून हुबेहूब गणिताची अपेक्षाच कोणी करत नव्हते.

ती अपेक्षा आली अ‍ॅनालॉग संगणकांबरोबर. त्यांतल्या इंटिग्रेटरमध्ये, म्हणजे येणाऱ्या व्होल्टेजची काळानुसार बेरीज करत जाणाऱ्या सर्किटमध्ये, साधारण १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काही सेकंद ते काही मिनिटे व्होल्टेज साठवत राही, आणि त्या व्होल्टेजमधली चूक म्हणजे थेट उत्तरातली चूक. या यंत्रांत पॉलिस्टायरीनने मान मिळवला. त्याचे शोषण ०.०२ ते ०.०५ टक्के असते, गळती नगण्य असते आणि तापमान गुणांक दर अंशाला सुमारे उणे १२० पीपीएम असतो. महागड्या यंत्रांत हे कपॅसिटर तापमान स्थिर राखलेल्या पेटीत बसवत, त्यामुळे उणे १२०चाही त्रास उरत नसे.

शोषण मोजायची पद्धतही याच संथ काळाला साजेशी ठरली. कपॅसिटर तासभर भारित ठेवायचा, ५ ओहममधून १० सेकंद रिकामा करायचा, मग मोकळा सोडून पंधरा मिनिटांत त्यावर किती व्होल्टेज परत चढतो ते पाहायचे. त्याचे मूळ व्होल्टेजशी प्रमाण म्हणजे शोषणाची टक्केवारी. डेटाशीटमध्ये आजही जो एकच आकडा दिसतो, तो बहुधा अशाच एखाद्या चाचणीचा असतो. बहुतेक गोंधळाचे मूळ तिथेच आहे, म्हणून त्यावर जरा थांबायला हवे.

१९५८ पर्यंत या गुणाचे सोपे प्रतिरूप मांडले गेले होते. मुख्य कपॅसिटरला समांतर अशा अनेक छोट्या शाखा कल्पायच्या. प्रत्येक शाखेत एक छोटा कपॅसिटर आणि त्याच्या एकसरीत मोठा रोधक. उदाहरणार्थ, १ मायक्रोफॅरडच्या मुख्य कपॅसिटरला १ नॅनोफॅरडच्या तीन शाखा जोडल्या आणि त्यांत १०० मेगओहम, १ गिगओहम आणि १० गिगओहम घातले, तर त्यांचे कालांक ०.१, १ आणि १० सेकंद होतात. मुख्य कपॅसिटर क्षणात रिकामा होतो, पण या शाखा आपापल्या वेळेने भरतात आणि रिकाम्या होतात. तासभर भारित ठेवल्यावर तिन्ही शाखा पूर्ण भरलेल्या असतात. तेच व्होल्टेज फक्त १०० मिलिसेकंद दिले, तर पहिली शाखा बरीचशी भरते, दुसरी जेमतेम दहावा हिस्सा आणि तिसरी जवळजवळ कोरडीच राहते.

म्हणजे शोषणाची टक्केवारी हा पदार्थाचा स्थिर गुण नाही. किती वेळ भरला, किती वेळ लघुपथित केला आणि किती वेळाने पाहिले, या तिन्ही गोष्टी न सांगता दिलेला आकडा अर्धवट असतो. एकाच कपॅसिटरला एका ठिकाणी ०.५ टक्के आणि दुसऱ्या ठिकाणी ०.१ टक्के लिहिलेले सापडते आणि दोन्ही खरे असू शकतात. पदार्थांची क्रमवारी लावायला हा आकडा उपयोगी आहे: टेफ्लॉन, पॉलिस्टायरीन आणि पॉलिप्रॉपिलीन वर, पॉलिएस्टर मधे, एक्स-सेव्हन-आर सिरॅमिक त्याखाली आणि इलेक्ट्रोलिटिक तळाशी. पण सर्किटमधली चूक त्यावरून थेट काढणे चुकीचे आहे, आणि नेमके तेच सर्वाधिक केले जाते.

दुसरे वळण १९७० च्या दशकातले, ड्युअल-स्लोप रूपांतरकांचे. साडेतीन अंकी मीटरमधली ७१०६ ही चिप घरोघरच्या मल्टिमीटरमध्ये पोहोचली, ती याच पद्धतीवर. आधी ठरावीक वेळ अज्ञात व्होल्टेजने कपॅसिटर भरायचा, मग संदर्भ व्होल्टेजने तो उलट दिशेने उतरवायचा आणि उतरायला लागलेला वेळ मोजायचा. चढताना आणि उतरताना कपॅसिटर तोच, रोधक तोच आणि घड्याळही तेच. त्यामुळे त्यांची मूल्ये उत्तरातून गळून पडतात. ०.२२ मायक्रोफॅरडच्या जागी प्रत्यक्षात ०.२० असला तरी वाचन तेच येते, आणि दिवसभरात तो तापमानाने अर्धा टक्का सरकला तरीही तेच. टॉलरन्स आणि तापमान गुणांक, ज्यांसाठी एरवी जादा पैसे मोजले जातात, ते इथे जवळजवळ निरर्थक ठरतात. मूल्य फक्त इतके हवे की इंटिग्रेटरचे आउटपुट पुरवठ्याच्या मर्यादेला धडकू नये.

शोषण मात्र गळून पडत नाही, कारण कपॅसिटर उतरताना चढतानाची आठवण थोडी परत देतो. २०० मिलिव्होल्ट श्रेणीत, ४० किलोहर्ट्झच्या घड्याळावर, भरण्याचा टप्पा १०० मिलिसेकंदांचा असतो. (५० हर्ट्झची पूर्ण पाच आणि ६० हर्ट्झची पूर्ण सहा आवर्तने त्यात बसतात, म्हणून दोन्हीकडची मेन्सची गुणगुण कापली जाते.) ४७ किलोओहममधून सुमारे ४.२५ मायक्रोअँपिअर जातात आणि ०.२२ मायक्रोफॅरडवर आउटपुट जवळपास १.९ व्होल्ट सरकते. इथे छळतात त्या शाखा ज्यांचे कालांक १० मिलिसेकंद ते सेकंदभर या पट्ट्यात आहेत. त्याहून वेगवान शाखा मुख्य कपॅसिटरचाच भाग होऊन जातात. त्याहून संथ शाखा फक्त सरासरी लक्षात ठेवतात, आणि मोठे इनपुट काढल्यावर वाचन काही वेळ रेंगाळते ते त्यांच्यामुळे.

पारख सोपी आहे. मीटरचे इनपुट त्याच्याच संदर्भ व्होल्टेजला जोडायचे. भागाकार एक येतो, म्हणून १००० मोजणी, म्हणजेच १००.० हे वाचन यायला हवे. संदर्भ थोडा चुकीचा लावलेला असला तरी फरक पडत नाही, कारण तोच वर आणि तोच खाली असतो. वाचन सातत्याने एका बाजूला सरकलेले दिसले, तर संशय कपॅसिटरवर घ्यावा. त्या वेळेच्या पट्ट्यात ०.१ टक्का भार मागे राहिला, की ढोबळमानाने एक अंक हलतो. तोच कपॅसिटर काढून पॉलिप्रॉपिलीनचा लावला आणि वाचन जागेवर आले, तर निदान पक्के. समान धन आणि ऋण इनपुटला वाचन वेगळे येते तो रोलओव्हर दोषही शोषणाने वाढतो, पण संदर्भ कपॅसिटरभोवतालच्या भटक्या धारितेनेही तो येतो. त्यामुळे केवळ त्यावरून कपॅसिटरला दोषी ठरवू नये.

याच काळातला ५५५ टायमर, १९७२ चा, नेमका उलट हिशेब मांडतो. तिथे t = 1.1RC. काहीही गळून पडत नाही आणि कपॅसिटरचा टॉलरन्स आहे तसा वेळेत उतरतो. पॉलिप्रॉपिलीनचा तापमान गुणांक उणे २०० पीपीएम धरला तर २० अंशांच्या फरकाने वेळ ०.४ टक्का बदलते. पॉलिएस्टरने साधारण त्याच्या दुप्पट आणि उलट दिशेने. सी-झीरो-जी सिरॅमिकमध्ये मर्यादा ±३० पीपीएम, म्हणजे फार तर ०.०६ टक्का.

पण टायमरमधली खरी फसगत गळतीची आहे. समजा ११० सेकंदांसाठी कोणी १० मेगओहम आणि १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक घेतला, पुरवठा ५ व्होल्टचा. टायमर सुटायला कपॅसिटर ३.३३ व्होल्टला पोहोचायला हवा. त्या क्षणी रोधकावर १.६७ व्होल्ट उरतात आणि त्यातून जेमतेम ०.१७ मायक्रोअँपिअर येतात. साध्या इलेक्ट्रोलिटिकची डेटाशीटमधली गळती मर्यादा कित्येकदा ३ मायक्रोअँपिअर असते. प्रत्यक्ष गळती तिच्या दशांश असली तरी येणारा प्रवाह गळतीतच संपतो, व्होल्टेज मधेच अडकते आणि टायमर कधीच सुटत नाही. थंडीत चालणारे सर्किट उन्हाळ्यात अडकते तेही यामुळेच, कारण गळती तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. उपाय म्हणजे छोटा फिल्म कपॅसिटर, वेगवान ऑसिलेटर आणि पुढे काउंटर. शोषण इथेही आहे, पण वेगळ्या रूपात: बराच वेळ विसावल्यानंतरची पहिली पल्स सर्वांत लांब येते. लगेच पुन्हा ट्रिगर केल्यास शाखांत उरलेला भार मदतीला येतो आणि पुढच्या पल्सा किंचित आखूड होतात.

गेल्या काही दशकांत निवडीचे नियम गुणांपेक्षा उपलब्धतेने बदलले. पॉलिस्टायरीन ८५ अंशांपलीकडे टिकत नाही, त्यामुळे सरफेस माउंटच्या भट्टीत त्याला जागा नव्हती, आणि २००६ मध्ये युरोपात शिसेमुक्त सोल्डर अनिवार्य झाल्यावर भट्टीचे तापमान आणखी चढले. तापमानाने फारसे न हलणारे पॉलिकार्बोनेट २००० च्या सुमारास कच्ची फिल्मच बनणे थांबल्याने मागे पडले. त्याची जागा बरीचशी पॉलिफेनिलीन सल्फाइडने घेतली. ते भट्टी सोसते आणि तापमानाला स्थिरही आहे, पण मोठी मूल्ये महाग पडतात.

लहान मूल्यांत आता सी-झीरो-जीचे राज्य आहे, आणि इथे दुसरा गैरसमज जन्मला. सी-झीरो-जी ही तीन अक्षरे फक्त तापमान गुणांक सांगतात: शून्य, ±३० पीपीएमच्या आत. शोषणाबद्दल ती अवाक्षर काढत नाहीत. ही अट वेगवेगळ्या सिरॅमिक मिश्रणांनी पुरी करता येते, त्यामुळे एकाच्या जागी दुसऱ्याचा सी-झीरो-जी लावल्यावर तापमानाला वागणूक तीच राहते आणि शोषण मात्र बदललेले असू शकते. ‘सी-झीरो-जी आहे, मग शोषण कमीच’ हे सरसकट विधान म्हणूनच स्वीकारण्याजोगे नाही.

मोजायचेच असेल तर मानकातल्या तासभराच्या चाचणीऐवजी आपल्या सर्किटच्या वेळा वापराव्यात. १० व्होल्टवर सर्किटइतकाच वेळ भरावा, सर्किटच्या रीसेटइतकाच वेळ लघुपथित करावा आणि परतणारे व्होल्टेज पाहावे. ०.०२ टक्क्याला ते २ मिलिव्होल्ट असते, ०.३ टक्क्याला ३०. पाहताना १० मेगओहमचा साधा मीटर थेट जोडू नये. ०.१ मायक्रोफॅरडबरोबर त्याचा कालांक एक सेकंदच होतो आणि जे मोजायचे ते मीटरच पिऊन टाकतो. मधे पिकोअँपिअर बायसचा, एफईटी इनपुटचा बफर हवा, आणि कपॅसिटरची ती तार बोर्डावर न टेकवता हवेत ठेवावी. फ्लक्सचा थर राहिलेला बोर्ड स्वतःच गळतो आणि शोषणही दाखवतो, मग चांगला कपॅसिटर उगाच बदनाम होतो.