'केमिकलमुक्त' सौंदर्यप्रसाधने : दावा आणि घटकयादी

क्रीम, लोशन, शाम्पू यांच्या डबीवर दर्शनी बाजूला 'केमिकलमुक्त', 'क्लीन', 'पॅराबेनमुक्त' अशी विशेषणे छापलेली असतात, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटकयादी असते. पहिली बाजू जाहिरात विभाग लिहितो. दुसरी बाजू कायद्याने ठरवून दिलेल्या नावांनी आणि ठरवून दिलेल्या क्रमाने लिहावी लागते. दर्शनी दावा या यादीशी ताडून पाहणे हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. त्यातही पॅराबेनसारख्या परिरक्षकांचा, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्हचा, मुद्दा येथे विशेष विचारात घेतला आहे, कारण दावा आणि यादी यांची फारकत तेथे सर्वांत स्पष्ट दिसते.

'केमिकलमुक्त' हा शब्द शब्दशः घेतला तर तपासण्याजोगे काही उरतच नाही. पाणी हेही रसायनच आहे. 'क्लीन' या शब्दाला सर्वमान्य कायदेशीर व्याख्या नाही, आणि प्रत्येक कंपनी किंवा विक्रेता वर्ज्य घटकांची आपापली यादी करतो. म्हणून तपासणीची सुरुवात वेगळ्या प्रश्नाने करावी लागते : जो घटक नाही असे सांगितले जाते, त्याचे काम या डबीत कोण करतो? पाणी असलेल्या क्रीममध्ये जिवाणू आणि बुरशी वाढतातच, त्यामुळे परिरक्षक काढला तर त्याच्या जागी दुसरे काहीतरी येणे भाग असते.

यादी वाचण्याचा मुख्य नियम सोपा आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, पण १ टक्क्यापेक्षा कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. ही १ टक्क्याची रेषा यादीत आखलेली नसते. ती अंदाजाने शोधावी लागते. त्यासाठी फिनॉक्सिएथॅनॉल हा परिरक्षक फार उपयोगी पडतो, कारण युरोपीय संघात त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे. यादीत त्याच्यानंतर आलेला कोणताही घटक १ टक्क्याहून अधिक असू शकत नाही. उलट बाजूने मात्र हा नियम लागू होत नाही : त्याच्या आधी आलेला घटकही १ टक्क्याच्या खाली असू शकतो, कारण त्या टापूत देखणी नावे पुढे ओढण्याची मुभा असते आणि ती भरपूर वापरली जाते.

उदाहरणादाखल रचलेली एक यादी पाहू. ५० ग्रॅमच्या डबीवर दर्शनी भागात 'केमिकलमुक्त, पॅराबेनमुक्त, कृत्रिम सुगंधविरहित, कोरफड व गुलाबयुक्त' असे छापले आहे. मागे क्रमाने लिहिले आहे : ॲक्वा, कॅप्रिलिक/कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, ग्लिसरीन, सिटिॲरिल अल्कोहोल, ग्लिसरिल स्टिअरेट, फिनॉक्सिएथॅनॉल, ॲलो बार्बाडेन्सिस लीफ ज्यूस पावडर, रोझा डॅमासेना फ्लॉवर ऑइल, झॅन्थन गम, एथिलहेक्झिलग्लिसरीन, सिट्रिक ॲसिड, सिट्रोनेलॉल, जेरानिऑल, लिनालूल.

पहिली पाच नावे म्हणजे या क्रीमचा जवळजवळ सगळा ऐवज : पाणी, तेल, ओलावा धरून ठेवणारे ग्लिसरीन, घट्टपणा देणारे मेद-अल्कोहोल आणि तेल-पाणी एकत्र ठेवणारा पायसीकारक. सिटिॲरिल अल्कोहोलच्या नावातील 'अल्कोहोल' पाहून काही ग्राहक दचकतात, पण हा मेणासारखा पदार्थ असून त्वचा कोरडी करणाऱ्या मद्यार्काशी त्याचा संबंध नाही. कोरफड फिनॉक्सिएथॅनॉलच्या नंतर आली आहे. म्हणजे पूर्ण डबीत ती जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम, आणि बहुधा त्याहून पुष्कळ कमी. दर्शनी चित्रात मात्र पानांचा जुडगा असतो.

'पॅराबेनमुक्त' हा दावा येथे अक्षरशः खरा आहे. ज्याच्या शेवटी 'पॅराबेन' येते असे एकही नाव यादीत नाही. त्यांचे काम फिनॉक्सिएथॅनॉल करते आणि एथिलहेक्झिलग्लिसरीन त्याला जोड देते. फिनॉक्सिएथॅनॉल हे फिनॉल आणि एथिलीन ऑक्साइड यांच्यापासून कारखान्यात तयार होते, म्हणून 'केमिकलमुक्त' या शब्दाचा प्रचलित, सैल अर्थ घेतला तरी तो दावा येथे कोलमडतो. याचा अर्थ क्रीम वाईट आहे असा नव्हे. परवानगी असलेल्या प्रमाणात हा परिरक्षक सुरक्षित मानला जातो. वावगे आहे ते वर्णन.

'कृत्रिम सुगंधविरहित' हा दावा अधिक चतुर आहे. यादीत 'पर्फ्यूम' हा शब्द नाही, पण शेवटची तीन नावे गुलाबाच्या तेलातूनच येतात. ही तिन्ही ॲलर्जीकारक म्हणून ओळखली जातात, आणि त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्क्याहून अधिक असल्यास युरोपीय नियमांनुसार ती वेगळी नोंदवावी लागतात. सुगंधाची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीच्या त्वचेला लिनालूल फुलातून आले की प्रयोगशाळेतून, याने फरक पडत नाही. हवेशी संपर्क येऊन लिनालूलचे ऑक्सिडीकरण झाले की त्याची ॲलर्जीकारकता वाढते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पॅराबेन टाळण्याची लाट २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासानंतर जोरात आली. त्यात स्तनांच्या अर्बुदांचे २० नमुने तपासले असता पॅराबेन आढळले होते. निरोगी ऊतींशी तुलना केलेली नव्हती, आणि पॅराबेनमुळे कर्करोग होतो असे त्यातून सिद्ध होत नव्हते. पुढे ज्या पर्यायांचा वापर वाढला त्यांत मिथाइलआयसोथायझोलिनोन होते. त्याने संपर्कजन्य त्वचादाहाचे रुग्ण इतके वाढवले की अमेरिकेतील संपर्क-त्वचादाह तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्याला 'वर्षाचे ॲलर्जीकारक' ठरवले, आणि युरोपात २०१७ पासून त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांत त्याला बंदी आली. त्याच संघटनेने २०१९ साली पॅराबेनला 'ॲलर्जी न करणारा' म्हणून निवडले, यातला उपरोध बोलका आहे.

'परिरक्षकमुक्त' हा दावा आणखी बारकाईने पाहावा लागतो. कॅप्रिलिल ग्लायकॉल, पेंटिलीन ग्लायकॉल, फेनेथिल अल्कोहोल यांसारखे घटक जंतूंना आवर घालतात, पण कायद्याच्या परिरक्षक-सूचीत त्यांची नावे नाहीत. ते ओलावा किंवा सुगंध देणारे म्हणून दाखवले जातात. दाव्यांविषयीच्या युरोपीय मार्गदर्शक दस्तऐवजानुसार असे घटक असताना हा दावा करू नये, त्यांच्यावाचूनही उत्पादन टिकते हे चाचणीने दाखवले असेल तर गोष्ट वेगळी. हाच दस्तऐवज 'पॅराबेनमुक्त' हा दावाही नाकारतो, कारण वापरास मान्यता असलेल्या पॅराबेनची त्यातून उगाच बदनामी होते. पाणीच नसलेल्या, केवळ तेल-मेणाच्या बामवर 'परिरक्षकमुक्त' हा दावा खरा असतो, पण तेथे परिरक्षकाची मुळात फारशी गरजच नसते.

द्राक्षफळाच्या बियांचा अर्क, म्हणजे ग्रेपफ्रूट सीड एक्स्ट्रॅक्ट, 'नैसर्गिक परिरक्षक' म्हणून विकला जातो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन तपासणीत सहा व्यापारी अर्कांपैकी पाचांत बेन्झिथोनियम क्लोराइड हे कृत्रिम जंतुनाशक सापडले. त्याच्याशिवाय असलेल्या सहाव्या अर्कात जंतुविरोधी गुण आढळला नाही.

अशी भेसळ घटकयादी वाचून कळत नाही, आणि यादीची मर्यादा नेमकी येथे आहे. तीत टक्केवारी नसते. कच्च्या मालातून आलेली अशुद्धी, उदाहरणार्थ काही पायसीकारकांतून येणारे १,४-डायऑक्सेन, नोंदवली जात नाही. अर्क टिकवण्यासाठी पुरवठादाराने त्यात घातलेला परिरक्षकही अंतिम उत्पादनात परिणामकारक प्रमाणात नसेल तर यादीत न येण्याची शक्यता असते. उत्पादन खरोखर टिकते की नाही हे आयएसओ ११९३० या मानकातील चाचणीने ठरते : नमुन्यात ठरावीक जिवाणू, यीस्ट आणि बुरशी मुद्दाम सोडून पुढील २८ दिवसांत त्यांची संख्या किती घटते ते मोजले जाते. या चाचणीचा अहवाल उत्पादकाकडे असतो, डबीवर छापलेला नसतो. ग्राहकाला त्याची मागणी पत्राने करता येते.