पाव किलो काळीज

रविवारी सकाळी साताऱ्यात मटणाच्या रांगेत उभा होतो. पुढच्या मावशी म्हणाल्या, "दादा, त्यात पाव किलो काळीज टाका." सोबतच्या माझ्या भाचीनं दचकून विचारलं, "मामा, हार्ट विकतात?" दुकानदार हसला. सुरीच्या टोकानं त्यानं गडद तपकिरी, गुळगुळीत, मऊ तुकडा उचलून दाखवला. ते यकृत होतं.

पोरगी अगदीच चुकलेली नव्हती. तिनं ऐकलेलं काळीज धडधडतं, तुटतं, वाघाचं असतं. मटणाच्या दुकानातलं मात्र वजनावर मिळतं. शब्द एकच. संस्कृतात यकृताला 'कालेय' असंही म्हणतात, काळीज त्याच कुळातलं. म्हणजे मूळ अर्थ दुकानदाराकडे टिकलाय आणि भावनेचा अर्थ त्यावर नंतर चढलाय. यात आपण एकटे नाही. इंडोनेशियन भाषेत 'हाती' म्हणजे यकृत आणि मनसुद्धा. आपण 'जिगरबाज' म्हणतो, त्यातलं फारसी जिगरही यकृतच. रक्त यकृतात तयार होतं, असं गॅलनसारखे जुने वैद्य मानत. हृदय रक्त पंपासारखं फिरवतं, हे विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरनं 1628 मध्ये मांडलं. तोवर रक्ताचा आणि जिवाचा मान यकृताकडे जाणं साहजिक होतं.

आता 'काळजाचा ठोका चुकला' घ्या. यकृताला ठोके नसतात, त्यामुळे इथं काळीज म्हणजे हृदयच. गंमत म्हणजे ठोका बहुतेक वेळा चुकत नाही, तो वेळेआधी पडतो. हृदय पुरतं भरलेलं नसल्यामुळे तो क्षीण असतो, मनगटाच्या नाडीवर कधीकधी लागतही नाही. मग जरा लांब खंड पडतो, तेवढ्यात हृदयात जास्त रक्त साठतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. 'धस्स' होतं ते बहुधा तेव्हा. घाबरल्यावर सुटणाऱ्या ॲड्रिनलिननं असे अवेळी ठोके वाढू शकतात.

पण शरीराचा हा आधार सगळीकडे पुरत नाही. 'उलट्या काळजाचा' माणूस तपासला तर त्याचं सगळं जागच्या जागीच सापडेल. शब्दशः अर्थ कुठं संपतो, हे ओळखायला मी शब्द बदलून बघतो. "पाव किलो यकृत द्या" म्हटलं तर दुकानदार चमकेल, पण वस्तू तीच देईल. "लेकराच्या रडण्यानं यकृताला घरं पडली" म्हणून बघा. 'हृदयाला घरं पडली' हेही कानाला खटकतं, अर्थ जवळचा असूनही. वाक्प्रचारात शब्द असे घट्ट रुतून बसतात.

घरी आलो. काळीज तव्यावर टाकून मी भाचीला हे सगळं ऐकवत बसलो. आई आतून ओरडली, "अरे, उतरव आता. जास्त शिजलं की काळजाचा दगड होतो."