अंतर्गत बदलीची विनंती (नाशिकच्या औद्योगिक परिसरातील)

अंतर्गत बदलीची विनंती म्हणजे कंपनी न सोडता एका विभागातून दुसऱ्या विभागात जाण्यासाठी कर्मचाऱ्याने स्वतःहून केलेली मागणी. राज्य शासनाच्या सेवेत बदल्यांना 2005 चा कायदा आहे आणि ठरावीक कार्यकाळही आहे. खासगी कारखान्यात मात्र कोणाला कुठे बसवायचे हा व्यवस्थापनाचा अधिकार मानला जातो. कर्मचाऱ्याला बदली मागता येते, पण ती हक्काची नसते. त्यामुळे मागणी कशी मांडली यावर बरेच काही ठरते. या नोंदीत सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वारंवार येणारा एक प्रसंग घेतला आहे. गुणवत्ता विभागातील अभियंत्याला नवीन उत्पादन विकास विभागात, म्हणजे बोलीतल्या ‘एनपीडी’त, जायचे आहे आणि सध्याच्या मॅनेजरबद्दल वाकडा शब्द न काढता तसे सांगायचे आहे.

बाहेरच्या नोकरीच्या मुलाखतीत जुन्या साहेबाविषयी काही बोलले गेले, तर ते बहुधा त्या खोलीतच राहते. आत तसे होत नाही. गुणवत्ता, उत्पादन आणि विकास या विभागांचे प्रमुख रोज सकाळी उत्पादनाच्या एकाच बैठकीला बसतात आणि कालचे रिजेक्शन, आजचे डिस्पॅच यावर बोलतात. बदलीचा अर्ज आला की नवा प्रमुख पहिल्यांदा जुन्यालाच विचारतो, ‘कसं आहे काम?’ अर्जात तक्रारीचा सूर असेल तर ती तक्रार त्याच दिवशी मूळ माणसाच्या कानावर जाते. नव्या प्रमुखाच्या मनातही पाल चुकचुकते, की उद्या हा माझ्याबद्दल हेच बोलेल. तक्रार खरी असली तरी फरक पडत नाही, कारण तिचा खरेखोटेपणा तपासायची सोयच बदलीच्या प्रक्रियेत नसते. एचआरसमोर तेव्हा एवढाच प्रश्न असतो, की हा माणूस त्या जागेला योग्य आहे का आणि इथून सोडता येईल का.

नाशिकमध्ये हे वर्तुळ आणखी लहान आहे. मोठ्या वाहन आणि इलेक्ट्रिकल कारखान्यांभोवती त्यांना सुटे भाग पुरवणारी वर्कशॉप आहेत, आणि माणसे या गेटमधून त्या गेटमध्ये जात असतात. आज ज्याच्या हाताखाली काम केले तो दोन वर्षांनी ग्राहक कंपनीचा ऑडिटर म्हणून समोर बसू शकतो. सिडको, इंदिरानगरहून निघणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या सीटवर कोण आहे, हेही लक्षात ठेवावे लागते.

उदाहरण असे घेऊ. अंबडमधील एका पुरवठादार कारखान्यात एक महिला अभियंता तीन वर्षे गुणवत्ता विभागात आहे. ग्राहकाकडून तक्रार आली, की ॲल्युमिनियमच्या पातळ भिंतीच्या हाउसिंगमध्ये बसवलेले बेअरिंग अडखळत फिरते. लाइनवरचा, छिद्राचा व्यास मोजणारा बोअर गेज मात्र कुठल्याही कोनात लावला तरी माप बरोबर दाखवत होता. तिने तोच भाग सीएमएमवर, म्हणजे अनेक बिंदूंना स्पर्श करून आकार मोजणाऱ्या यंत्रावर, नेला तेव्हा छिद्र गोल नसून किंचित तीन कोपऱ्यांचे असल्याचे दिसले. मशीनवर भाग पकडणाऱ्या तीन जबड्यांच्या, म्हणजे तीन जॉच्या, चकने भाग दाबून धरला की पातळ भिंत आत दबते. त्या दबलेल्या अवस्थेत छिद्र गोल कापले जाते आणि चक सुटल्यावर भिंत मूळ जागी येते, तेव्हा छिद्राचा आकार बिघडतो. दोन समोरासमोरच्या बिंदूंवर टेकणाऱ्या गेजला हा तीन कोपऱ्यांचा दोष दिसत नाही, कारण एका बाजूचा फुगवटा समोरच्या बाजूच्या दबलेपणाने भरून निघतो. मशीन शॉपच्या लोकांबरोबर बसून तिने शेवटच्या कटला चकचा दाब कमी करून घेतला, आणि भागाच्या व्यासाप्रमाणे बोअर केलेले, भिंतीला रुंद टेकणारे मऊ धातूचे सॉफ्ट जॉ लावून घेतले. दोष गेला.

तिच्या विनंतीचा खरा आधार हा प्रसंग आहे. भाग कसा पकडायचा, म्हणजे त्याचे फिक्स्चर कसे असावे, हे एनपीडीत पहिला नमुना कापण्याआधी ठरते. गुणवत्ता विभागात तो प्रश्न हातात येतो तोवर माल ग्राहकाकडे पोचलेला असतो. तिला त्या आधीच्या टप्प्यावर काम करायचे आहे. या वाक्यात सध्याच्या साहेबांबद्दल बरेवाईट काहीच नाही, तरी कारण पूर्ण आहे. ‘मला नवीन काही शिकायची आवड आहे’ असे मोघम वाक्य कोणत्याही विभागासाठी चालते, म्हणून ते कोणालाच पटत नाही. ऐकणारा मग खरे कारण शोधू लागतो आणि त्याला पहिला संशय साहेबांशी पटत नसल्याचाच येतो. नेमके कारण दिले की त्या संशयाला जागा उरत नाही.

आधी कोणाला सांगायचे, याचे उत्तर कंपनीच्या धोरणात असते. रिकाम्या जागा कंपनीत जाहीर करण्याच्या पद्धतीला सगळे ‘आयजेपी’ म्हणतात. काही ठिकाणी अर्ज करण्यापूर्वी मॅनेजरची संमती लागते, काही ठिकाणी निवड झाल्यावर त्याला कळवतात. सध्याच्या जागेवर किमान वर्ष-दीड वर्ष झालेले असावे, अशी अटही बहुतेक धोरणांत आढळते. धोरण गप्प असेल तर आधी स्वतःच्या साहेबांना सांगणे बरे. एनपीडीच्या प्रमुखाला तिथले काम कसे चालते हे विचारण्यात गैर काही नाही. पण जागेबद्दल त्याच्याकडे आधीच शब्द टाकला आणि ते आपल्या साहेबांना कॅन्टीनमध्ये तिसऱ्याकडून कळले, तर अढी बसते. मग अर्जात काय लिहिले आहे याला फारसा अर्थ राहत नाही.

प्रत्यक्ष बोलणे साधारण असे होते. सकाळची बैठक आटोपल्यावर ती म्हणते, ‘सर, दहा मिनिटं हवी होती.’ मग हाउसिंगच्या कामाचा धागा धरून सांगते, ‘त्या जॉच्या कामापासून फिक्स्चरकडे ओढा वाढलाय. एनपीडीत जागा निघाली आहे, अर्ज करावा म्हणते. तुम्हाला आधी सांगायचं होतं.’ यावर हमखास प्रश्न येतो, ‘इथं काही त्रास आहे का?’

सगळ्या संभाषणात अवघड जागा ही एकच. त्रास खरोखर असेल तर ‘छे, काहीच नाही’ म्हणणे खोटे ठरते आणि चेहऱ्यावर दिसते. ‘तुमच्यासारखे साहेब कुठे मिळणार’ ही भलामण तर आणखी संशय वाढवते. प्रश्न त्रासाकडून कामाकडे वळवणारे खरे वाक्य इथे उपयोगी पडते: ‘सर, इथला त्रास म्हणून जात नाहीये. इथं राहिले तरी फिक्स्चरचं काम माझ्या वाट्याला येणार नाही, कारण ते या विभागाचं कामच नाही.’ अर्थात हे वाक्य खरे असेल तरच म्हणावे. ज्याचे एकमेव कारण साहेब आहेत, ज्याला नव्या कामाबद्दल दोन वाक्येही सुचत नाहीत, त्याने अजून अर्ज करू नये. तो विभाग त्याने निवडलेला नसतो, फक्त दार उघडे दिसलेले असते.

बोलणे मराठीत झाले तरी मेल बहुधा इंग्रजीत जातो, आणि टीका आडवळणाने शिरते ती तिथेच. ‘जिथे मोकळेपणाने काम करता येईल’, ‘जिथे योग्य मार्गदर्शन मिळेल’, ‘इथे शिकण्यासारखे काही उरले नाही’ या वाक्यांत कोणाचेही नाव नसते, पण वाचणाऱ्याला बोट कोणाकडे आहे ते कळते. हाच मजकूर पुढे मंजुरीसाठी त्याच साहेबांच्या स्क्रीनवर उघडतो. तपासण्याची एक सोपी रीत आहे. मेलमधून सध्याच्या विभागाविषयीची सगळी वाक्ये काढून टाकावीत आणि उरलेला मजकूर वाचावा. बदलीचे कारण तरीही उभे राहत असेल तर मेल ठीक आहे. कारणच नाहीसे झाले, तर तो मेल तक्रारीचाच होता.

मॅनेजर नाही म्हणतो तेव्हा त्यामागे राग असतोच असे नाही. त्याची बहुतेक अडचण माणसांच्या संख्येची असते. वरच्या उदाहरणात पुढच्या महिन्यात वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचे, आयएटीएफ 16949 चे, ऑडिट आहे, दोन ग्राहक तक्रारींचे मूळ कारण आणि उपाय नोंदवणारे 8डी अहवाल अर्धवट आहेत आणि गेज कॅलिब्रेशनचे रजिस्टर तीच सांभाळते. म्हणून विनंतीबरोबर तिने सोडण्याची योजनाही ठेवावी: ऑडिट होईपर्यंत मी इथेच, दोन्ही 8डी बंद करून देते, रजिस्टर ज्युनिअरच्या हाती देऊन एक फेरी त्याच्याकडून माझ्यासमोर करून घेते. नवीन काम का हवे, याच्या दीर्घ स्पष्टीकरणापेक्षा मॅनेजरला या तीन ओळी जास्त पटतात, कारण त्याची रात्रीची झोप त्यांवर अवलंबून असते.

‘आत्ता नको, नंतर बघू’ हे उत्तर आले तर नंतर म्हणजे कधी, हे त्याच बैठकीत विचारावे आणि आभाराच्या छोट्या मेलमध्ये ती तारीख नोंदवावी. तारीख उलटली की एचआरकडे जाताना तोच मेल पुढे करता येतो. ‘सर सोडत नाहीत’ असे म्हणायची वेळ येत नाही, ‘अमुक तारीख ठरली होती, पुढे काय करायचे’ एवढे विचारले तरी पुरते. बदली वर्षाच्या मध्यावर होत असेल तर त्या वर्षाचे मूल्यमापन कोण करणार, तेही आधीच विचारून घ्यावे. अनेकांची पगारवाढ इथेच अडकते. जुना साहेब म्हणतो आता तो माझ्याकडे नाही, नवा म्हणतो मी त्याचे काम चारच महिने पाहिले.

हे सारे आवडीनिवडीच्या, स्वभावाच्या आणि रोजच्या कुरबुरींच्या मर्यादेत लागू आहे. सुरक्षेचे नियम मोडायला लावणे, खोट्या तपासणी नोंदींवर सह्या मागणे, छळ करणे या गोष्टी नव्या कामाच्या आवडीखाली झाकून बदली मागू नये. त्रास देणारा तिथेच राहतो आणि आपल्या जागी येणारा त्याच्या तावडीत सापडतो. शिवाय पुढे तक्रार केलीच, तर ‘तेव्हा तर स्वखुशीने गेलात’ असे म्हणत आपलाच गोड मेल आपल्यासमोर धरला जातो. लैंगिक छळाच्या बाबतीत 2013 च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती बंधनकारक आहे, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तिच्याकडे लेखी तक्रार करायची असते. चौकशी चालू असताना पीडित महिलेने लेखी विनंती केल्यास तिची किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची दुसऱ्या ठिकाणी बदली करण्याची शिफारस समिती करू शकते, आणि ती अमलात आणणे मालकावर बंधनकारक असते. या बदलीसाठी नव्या कामाची आवड सांगावी लागत नाही.