कन्साइनमेंट अकाउंट आणि आडत्याकडे उरलेला माल

कन्साइनमेंट म्हणजे आपला माल दुसऱ्या गावच्या आडत्याकडे विकायला पाठवणं, पण त्याला न विकता. माल त्याच्या दुकानात, मालकी मात्र पाठवणाऱ्याची. विकला गेला तर आडत्याला कमिशन, नाही गेला तर माल परत, आणि मधे चोरी झाली किंवा पाणी लागलं तर आडत्याचा निष्काळजीपणा नसेल तोवर नुकसान पाठवणाऱ्याचंच. म्हणून माल पोचला की आडत्या आपल्या वहीत खरेदी टाकत नाही, नुसती नोंद ठेवतो किती नग आले त्याची. त्याचं दिवाळं निघालं तरी हा माल त्याच्या घेणेकऱ्यांच्या वाट्याला जात नाही, मात्र आपलं कमिशन आणि केलेला खर्च मिळेपर्यंत तो माल अडवून धरू शकतो.

जीएसटीत मात्र गंमत आहे. आडत्या स्वतःच्या नावाने बिल फाडत असेल तर त्याच्याकडे माल पाठवणं हाच सप्लाय धरला जातो, म्हणजे टॅक्स इनव्हॉइस करून टॅक्स भरायचा, आणि वहीत मात्र विक्री अजून शून्य. नवीन अकाउंटंट इथेच फसतो, इनव्हॉइस दिसलं की सेल्सला टाकून मोकळा. आडत्याला त्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं म्हणून तो मालाच्या किमतीतही धरायचा नाही.

आता खरा डोकेदुखीचा भाग, 31 मार्चला आडत्याकडे जो माल पडून आहे त्याची किंमत किती लावायची. समजा इंदूरच्या एका व्यापाऱ्याने बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या आडत्याकडे 100 महेश्वरी साड्या पाठवल्या, प्रत्येकी 2,000 ने, म्हणजे 2,00,000 चा माल. पॅकिंग आणि ट्रकभाडं 6,000 इंदूरहून दिलं. बडोद्याला ट्रान्सपोर्टच्या गोदामातून माल सोडवून दुकानात आणायची हमाली-टेम्पो 2,000 आडत्याने दिले. पुढे गोदामभाडं 3,000, जाहिरात 1,500. 80 साड्या 2,800 ने गेल्या, 2,24,000 आले, त्यावर 5 टक्के कमिशन 11,200.

उरल्या 20. नियम असा की माल विकायच्या जागी, विकण्याजोगा होऊन पोचेपर्यंत जो खर्च झाला तोच किमतीत धरायचा, मग तो कोणीही केलेला असो. आडत्याने दिले म्हणून 2,000 सोडायचे नाहीत आणि आडत्याने दिले म्हणून सगळेच घ्यायचेही नाहीत, पैसे कोणाच्या खिशातून गेले याला इथे काही अर्थ नाही, कशासाठी गेले ते बघायचं. गोदामभाडं माल पोचल्यानंतर नुसता ठेवण्याचं, जाहिरात आणि कमिशन विकण्याचं, हे सगळं त्याच वर्षाच्या खर्चात.

म्हणजे 2,00,000 अधिक 6,000 अधिक 2,000, झाले 2,08,000, नगाला 2,080. 20 नगांचे 41,600. नफा काढायला विक्री 2,24,000 आणि शिल्लक माल 41,600 मिळून 2,65,600, त्यातून माल आणि सगळे खर्च 2,23,700 वजा, हाती 41,900.

गोदामभाडं, जाहिरात आणि कमिशनही नगांवर वाटलं तर शिल्लक माल 3,140 ने फुगतो आणि नफाही तेवढाच, तोही न विकलेल्या मालावर. हे कागदावर छान दिसतं म्हणूनच लोक करतात. पुढच्या वर्षी तो फुगवटा उलटून अंगावर येतो.

प्रत्यक्षात घोळ नियमामुळे कमी आणि आडत्याच्या हिशेबामुळे जास्त होतो. तो पाठवतो तो कागद, अकाउंट सेल्स, त्यात एकच ओळ असते, ‘खर्च 6,500’. त्यातलं 2,000 कुठलं आणि 4,500 कुठलं हे इंदूरला बसून कळणार कसं? तेव्हा फुटकळ खर्च आणि तारखा वेगळ्या मागवायच्या, माल पोचल्याच्या तारखेनंतरची हमाली दिसली तर विचारायचं, बहुतेक ती गिऱ्हाइकाकडे माल पोचवायची असते, म्हणजे विक्रीचा खर्च. आणि काही गठ्ठे अजून रस्त्यातच असतील तर त्यांच्यावर बडोद्याची हमाली चढवायचीच नाही, फक्त इंदूरचा खर्च.

शेवटी एक तपासणी राहते. या 20 साड्या जुन्या डिझाइनच्या असतील आणि आता 1,900 च्या वर जाणारच नसतील तर 2,080 धरता येत नाही, कमिशनचे 95 वजा करून 1,805 ने, म्हणजे 36,100 लावायचे आणि 5,500 चा फटका याच वर्षी घ्यायचा.