आरसा सडतो तो कडेने

भुसावळला मावशीकडे बेसिनवरचा आरसा खालून काळा पडत चालला होता. दीड फूट रुंद, दोन फूट उंच, साधा आरसा. खालच्या कडेला भाजलेल्या पापडासारखी वेडीवाकडी काळी किनार, आणि मधोमध रुपयाएवढा एक धुरकट, चंदेरी-करडा डाग. मावशीने आधी लिंबू लावलं, मग टूथपेस्ट, मग संडास धुवायचं ॲसिड फडक्यावर घेऊन कडा पुसली. डाग हलला नाही, उलट किनार अजून वर सरकली. "आरसा सडी गया भो," ती म्हणाली. शब्द अगदी बरोबर होता.

डाग पुढून लागलाय की मागून, हे घासायच्या आधी बघता येतं. आरशावर पुढून डाग असला, पाण्याचा पांढरा खार म्हणा किंवा पेस्टचा शिंतोडा, तर तिरकं पाहिल्यावर तो दोनदा दिसतो. एक खरा आणि थोडा मागे त्याचं प्रतिबिंब. मावशीचा डाग एकटाच होता. बोटाचं टोक त्यावर ठेवून डोकं बाजूला नेलं, तर तो बोटाखालून सरकला. म्हणजे तो काचेच्या पलीकडे होता आणि पुढून काहीही घासून उपयोग नव्हता.

पलीकडे असतं काय? काचेच्या मागच्या अंगाला चांदीचा थर, त्यावर बऱ्याच आरशांत त्याहून पातळ तांब्याचा थर आणि वर रंगाचे एक-दोन हात. चांदी किती, याचा अंदाज जळगावच्या सराफ्याच्या भाषेत द्यायचा तर एवढ्या आरशाला दीड-दोन गुंजा, म्हणजे जेमतेम पाव ग्रॅमच्या आत. थराची जाडी केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाइतकी. पैंजण काळे पडले तर घासून उजळतात, कारण खाली अजून चांदी असते. इथे खाली काहीच नसतं. थर काळा पडला की तो सगळाच गेला.

काळ्या किनारीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. काही चांदीचं गंधकाशी संयोग होऊन काळं सल्फाइड झालेलं असतं. मोरीच्या जाळीतून येणाऱ्या वासात हे गंधक असतं. पण बराचसा काळेपणा म्हणजे नुसती रिकामी जागा. चांदी सुटून गेलेली असते आणि आपल्याला मागचा गडद रंग किंवा भिंतीचा अंधार दिसतो. चंदेरी-करड्या डागात चांदी असते, पण तिची काचेवरची पकड सुटलेली असते, म्हणून ती स्वच्छ प्रतिबिंब देत नाही. (स्वस्त आरशांत चांदीऐवजी ॲल्युमिनियम असतं. ते खराब होताना काळं कमी पडतं आणि बऱ्याचदा पांढरट, आरपार दिसणारे ठिपके पडतात.)

आता प्रश्न असा, की खान्देशासारख्या कोरड्या मुलखात हे का व्हावं? एप्रिल-मेमध्ये इथे दोरीवरचे कपडे तासाभरात कडक होतात. लोक दोष देतात वाफेला. पण काचेतून वाफ जात नाही, आणि मागचा रंग धड असेल तर तिकडूनही सहज जात नाही. उघडी असते ती कड. काच कापली की चांदी, तांबं, रंग या तिन्हींचे काठ उघडे पडतात. त्यात कापणाऱ्याचं चाक बोथट असेल तर कडेचा रंग कणाकणाने उडालेला असतो. तोंड धुताना उडालेलं पाणी काचेवरून ओघळतं, खालच्या कडेला थेंब होऊन लटकतं आणि तिथून वळसा घेऊन मागे शिरतं. आरसा भिंतीला चिकटून असेल तर त्या फटीत ते आपोआप वरही चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं.

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. बादलीला खार धरतं ते हेच. कोरड्या हवेत कडेचा थेंब झटकन आटतो, पण क्षार तिथेच राहतात. पुढचा थेंब येतो, तोही आटतो. महिनोन्महिने त्या रेषेवर मिठाचा थर साचत जातो, आणि असलं मीठ थोडीशी ओल मिळाली तरी ती धरून ठेवतं. त्यातले क्लोराइड आधी तांब्याला गाठतात. तांबं खाल्लं गेलं की रंग फुगतो, आत आणखी पाणी शिरतं आणि मग चांदीची पाळी येते. म्हणून किनार वरून नाही, खालूनच चढते. ॲसिडच्या बाटलीतही क्लोराइडच. मावशीने तिच्या समजुतीने औषध लावलं होतं, आणि ते थेट जखमेत गेलं.

मधल्या डागाचं कोडं आरसा काढल्यावर सुटलं. आरसा भिंतीला सिलिकॉनच्या गोळ्यांनी चिकटवलेला होता आणि डाग बरोबर मधल्या गोळ्यासमोर होता. नेहमीचं स्वस्त सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तो ॲसिटिक ॲसिडचा. आरशामागे कोंडलेलं ते ॲसिड रंगातून झिरपत चांदीपर्यंत जातं. आरशासाठी तो आंबूस वास नसलेलं 'न्यूट्रल' सिलिकॉन मागायचं. नळीवर तसं लिहिलेलं असतं.

गेलेली चांदी घरी परत आणता येत नाही. रंग आणि जुना थर काढून नव्याने चांदी चढवता येते, पण ते आजोबांच्या वेळच्या नक्षीदार आरशासाठी. साध्या आरशासाठी तो खर्च मला पटत नाही. चांगला भाग मात्र वाचवता येतो.

आम्ही आरसा बाजारातल्या काचवाल्याकडे नेला. किनार जिथे सगळ्यात वर चढली होती तिथे सव्वा इंच होती. तो दीड इंच कापायला निघाला होता, मी दोन इंच सांगितलं. काळेपणा दिसतो त्याच्या पुढे रंग आधीच सुटलेला असतो. तिथून कापलं तर पाच-सहा महिन्यांत परत तेच. काचवाल्याने चाक बदललं, काचेच्या बाजूने रेघ मारली आणि दोन इंचांची पट्टी टक्कन मोडून दिली. नव्या कडेला मागून हात लावला तर रंग अखंड होता, कुठे टवका नव्हता.

घरी कड साध्या पाण्याने पुसली, एक दिवस उन्हाजवळ कोरड्या जागी ठेवली आणि चारही कडांना पारदर्शक लॅकरचे दोन हात दिले, मागच्या रंगावर थोडे येतील असे. लॅकर नसेल तर बिनरंगी नेलपॉलिशही तात्पुरतं चालतं. ओल आत ठेवून लॅकर लावलं तर मात्र सगळं फुकट, ओल आतच कोंडली जाते.

बसवताना चिकटवलं नाही. क्लिपा लावल्या, मागे प्लॅस्टिकचे वॉशर देऊन भिंतीपासून तीन-चार मिलीमीटर फट ठेवली आणि खालची कड बेसिनच्या कट्ट्यावर टेकू दिली नाही. रबराचे वॉशर दुकानदार हमखास देतो, ते घेतले नाहीत. रबर टिकाऊ करायला गंधक वापरतात, आणि चांदी-गंधकाचं नातं वर आलंच आहे. आता मावशी आरशावर फवारा मारत नाही. फडकं ओलं करून पुसते आणि शेवटी खालच्या कडेवरून कोरडं बोट फिरवते.

मधला डाग तसाच आहे. सिलिकॉन सुकून गेलं की त्यातून ॲसिड सुटायचं थांबतं, म्हणून तो फारसा वाढू नये, असं मी म्हणालो. मावशीला माझा भरवसा नव्हता. तिने पुढून, डागाच्या काठाला लागून, लाल नेलपॉलिशचे चार ठिपके दिले. होळीच्या सुमाराचे ते ठिपके दिवाळीला गेलो तेव्हा तसेच होते, आणि डाग अजून त्यांच्या आत होता.